भाजी परतायची की शिजवायची? मोठ्या आचेवर कोणती भाजी आधी, कोणती किती सेकंद, वाचा सविस्तर

पुणे : गाडीवरची 'चायनीज' भाजी करकरीत लागते, रंग जसाच्या तसा राहतो. तीच भाजी घरी केली की कढईच्या तळाशी पाणी साचते, कोबी पचपचीत होतो आणि गाजर मात्र कचवट राहते. पुणे शहरातल्या स्वयंपाकघरापासून जुन्नर, आंबेगाव, खेडमधल्या शेतकरी घरापर्यंत ही तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. दोष बहुतेक वेळा सॉसला किंवा भाजीला दिला जातो. खरे कारण मात्र आच, एका वेळी कढईत पडणारे वजन आणि भाज्या टाकण्याचा क्रम, या तीन गोष्टींत असते. त्यामुळे मोठ्या आचेवर भाजी परतण्याची पद्धत क्रम आणि सेकंदांसह येथे देत आहोत.

पाणी येते कुठून?

गाजर, कोबी, कांदा, ढोबळी मिरची या भाज्यांच्या वजनात साधारण नव्वद टक्के पाणीच असते. भाजी तापली की तिच्या पेशी सैल पडतात आणि पाणी बाहेर येऊ लागते. ते अडवता येत नाही. बाहेर आलेले पाणी कढईत साचण्याआधी वाफ होऊन उडाले पाहिजे, एवढेच आपल्या हातात असते. पाणी उडाले तर भाजी परतली जाते. साचले तर ती स्वतःच्याच पाण्यात शिजते, कारण तळाशी पाणी असेपर्यंत कढईचे तापमान शंभर अंशांच्या वर जातच नाही. परतलेल्या भाजीची खमंग चव त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला येते.

आता घरातली शेगडी किती पाणी उडवू शकते ते बघू. घरगुती शेगडीच्या मोठ्या बर्नरची ताकद ढोबळमानाने अडीच किलोवॉट असते. आयएसआय शिक्क्याच्या शेगडीची कार्यक्षमता किमान 68 टक्के असावी लागते, पण ती मोजतात पातेल्यात पाणी तापवून. उघड्या, तापलेल्या कढईत निम्मी उष्णता कामी आली तरी पुष्कळ झाली. एवढ्या उष्णतेत दहा सेकंदांना साधारण एक चहाचा चमचाभर पाणी उडते. हा हिशेब डोक्यात ठेवला की पुढचे सगळे नियम आपोआप समजतात.

गाडीवाल्याची भट्टी घरच्या बर्नरच्या कित्येक पट ताकदीची असते. ज्वाळा कढईच्या कडांपर्यंत चढतात. म्हणून तो दोन-तीन प्लेट एकदम टाकतो आणि तरी पाणी साचत नाही. घरी त्याची नक्कल करायला गेले की फसते. जास्त दाबाचा बर्नर आणून घरच्या सिलिंडरला जोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. घरचा रेग्युलेटर ठरावीक कमी दाबासाठी बनवलेला असतो, आणि रेग्युलेटर किंवा नळीत फेरफार करणे जिवावर बेतू शकते. घरचा उपाय साधा आहे: एका वेळी पाव किलोच भाजी, आणि तीही टप्प्याटप्प्याने.

कढई कोणती?

पत्र्याची लोखंडी कढई या कामाला उत्तम. रविवार पेठेतली बोहरी आळी, तुळशीबाग किंवा गावचा आठवडे बाजार, कुठेही मिळते. तोंडाशी अकरा-बारा इंच रुंद आणि पसरट घ्यावी. खोल, अरुंद कढईत वाफ कोंडते आणि भाजीवर परत पाणी होऊन बसते. वजन दीड किलोच्या आसपास असले की पुरते. फार पातळ पत्र्याची कढई भाजी पडली की लगेच थंड होते. बिडाची कढई उष्णता छान धरून ठेवते, मात्र तापायला वेळ घेते आणि हलवायला जड जाते. 'वॉक' म्हणून विकले जाते ते भांडेही याच कामाचे. कढईपेक्षा थोडे उथळ आणि बहुतेक एका लांब दांड्याचे.

नॉनस्टिक भांडे या पद्धतीसाठी वापरू नये. रिकामे नॉनस्टिक मोठ्या आचेवर ठेवले तर काही मिनिटांत 260 अंशांच्या वर जाऊ शकते. त्या तापमानाला त्याचा थर खराब होऊ लागतो आणि त्याचा धूर त्रासदायक असतो. इंडक्शन शेगडीवर गोल बुडाची कढई नीट तापत नाही. तिथे सपाट बुडाचे लोखंडी भांडे लागते.

ज्या घरात चूल आहे तिथे उलट सोयच आहे. तुराट्या किंवा वाळक्या काटक्यांचा जाळ गोल बुडाला चहूबाजूंनी लपेटतो आणि गॅसच्या बर्नरपेक्षा जास्त उष्णता देऊ शकतो. अडचण एवढीच, की जाळ पटकन बसतो. त्यामुळे भाजी टाकण्याआधी काटक्या हाताशी ठेवाव्यात आणि जाळ पेटता राखायला दुसरा माणूस असावा. वेळ मात्र सेकंदांवर न मोजता आवाजावरून ओळखावी. ती कशी, ते पुढे आले आहे.

आधीची तयारी

परतायला तीन-सव्वातीन मिनिटे लागतात. तेवढ्यात चिरायला, डबा शोधायला सवड मिळत नाही. म्हणून सगळे आधी मांडून घ्यायचे. चार माणसांच्या घरासाठी अर्धा किलो भाजी धरू, म्हणजे दोन घाणे. एका घाण्याला लागणारे साहित्य असे:

- गाजर 50 ग्रॅम, आगपेटीच्या काडीपेक्षा थोडे जाड लांब तुकडे
- फरसबी (श्रावणघेवडा) 50 ग्रॅम, तिरपी चिरलेली
- कांदा 50 ग्रॅम, पाकळ्या सुट्या केलेला
- ढोबळी मिरची 50 ग्रॅम, बिया काढून लांब काप
- कोबी 50 ग्रॅम, बोटभर रुंद तुकडे
- लसूण 4 पाकळ्या, आल्याचा छोटा तुकडा, 1 हिरवी मिरची, सगळे जाडसर चिरून
- कांद्याची पात मूठभर
- तेल दीड मोठा चमचा
- मीठ पाव चहाचा चमचा, सोया सॉस 1 चहाचा चमचा, मिरपूड चिमूटभर

चिरण्यात एकच पथ्य: एका भाजीचे सगळे तुकडे सारख्या जाडीचे हवेत. जाडी दुप्पट झाली की आतपर्यंत उष्णता पोचायला दुपटीहून कितीतरी जास्त वेळ लागतो. मग बारीक तुकडा करपतो आणि जाड तुकडा कच्चा राहतो. अशा वेळी सेकंद मोजून उपयोग नसतो.

फरसबी या यादीत सगळ्यात हट्टी. ती थेट कढईत टाकली तर बाहेरून डाग पडतात आणि आत कच्ची राहते. म्हणून चिरलेली फरसबी उकळत्या, मीठ घातलेल्या पाण्यात 90 सेकंद ठेवून काढायची आणि लगेच गार पाण्याखाली धरायची. फ्लॉवर आणि ब्रोकोलीलाही हाच नियम. या भाज्या पाण्यातून काढल्यावर कोरड्या होणे मात्र फार महत्त्वाचे.

हीच पायरी घरोघरी चुकते. बाजारात भाजी ताजी दिसावी म्हणून तिच्यावर पाणी मारलेले असते. त्यात घरी धुतल्यावर पानांच्या आणि पाकळ्यांच्या मध्ये पाणी अडकते. पाव किलो भाजीबरोबर दोन मोठे चमचे पाणी कढईत गेले, तर वरच्या हिशेबाने ते उडवण्यातच जवळपास मिनिटभर जाते. म्हणून भाजी चिरायच्या आधी धुवायची, चाळणीत निथळायची, सुती पंच्यावर पसरायची आणि वरून टिपायची. हाताला ओल लागता कामा नये. सकाळच्या डब्यासाठी करायची असेल तर रात्रीच धुऊन पसरून ठेवलेली बरी.

कढई तापली कशी ओळखायची?

कोरडी, रिकामी कढई मोठ्या आचेवर ठेवायची. दीड किलोच्या लोखंडी कढईला साधारण दोन मिनिटे लागतात. मग पाण्याचा एक थेंब टाकून बघायचा. थेंब जागच्या जागी चरचरून विरला तर अजून वेळ आहे. थेंब मोत्यासारखा गोल होऊन कढईत पळू लागला की कढई तयार. ही दोन मिनिटे वाया जात नाहीत. दीड किलो लोखंडात तेवढ्यात साठलेली उष्णता पाव किलो भाजी गरम करायला जवळपास पुरते. घरच्या बर्नरची कमतरता भरून निघते ती इथे.

थेंबाची चाचणी तेल घालण्याआधीच करायची. तापल्या तेलात पाणी टाकू नये. त्यानंतर तेल घालायचे, कढई फिरवून ते कडांना लावायचे आणि पाच-सहा सेकंदांत लसूण टाकायचा. रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल मोठी आच सहन करते. लाकडी घाण्याचे तेल बरेच लवकर धुरावते. तेच वापरायचे असेल तर तेल घातल्यावर क्षणभरही थांबायचे नाही. कढई थोडी कमी तापवली तरी चालेल. तेलातून दाट निळसर धूर येऊ लागला तर ते जळाले असे समजावे, टाकून द्यावे आणि पुन्हा सुरुवात करावी. जळक्या तेलाची कडू चव सॉसने झाकली जात नाही.

क्रम आणि सेकंद

आच सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठीच. झाकण कुठेही नाही. लसूण तेलात पडला की मोजायला सुरुवात. मोबाइलचे घड्याळ समोर ठेवावे, नाहीतर मोठ्याने अंक मोजावेत.

- 0 ते 10 सेकंद: लसूण, आले, मिरची. वास सुटला की पुढे जायचे. लसूण तांबूस होईपर्यंत थांबले तर तो नंतर काळा पडतो.
- 10 ते 50 सेकंद: गाजर. सगळ्यात कडक, म्हणून पहिले. 40 सेकंद एकटेच.
- 50 ते 80 सेकंद: उकळत्या पाण्यातून काढलेली, कोरडी फरसबी. 30 सेकंद.
- 80 ते 110 सेकंद: कांदा. कडा पारदर्शक झाल्या की पुरे, मऊ करायचा नाही. 30 सेकंद.
- 110 ते 140 सेकंद: ढोबळी मिरची. साल चकाकू लागते, एखाद-दुसरा तपकिरी डाग पडतो. 30 सेकंद.
- 140 ते 170 सेकंद: कोबी. 30 सेकंद.
- 170 ते 185 सेकंद: मीठ, मिरपूड, सॉस. 15 सेकंद.
- 185 ते 190 सेकंद: कांद्याची पात. पाच सेकंद, आणि गॅस बंद.

अशा रीतीने गाजराला एकूण तीन मिनिटे मिळतात आणि कोबीला पन्नास सेकंद. दोन्ही एकाच वेळी टाकले असते तर दोघांनाही सारखाच वेळ मिळाला असता, आणि एक कच्चे तर एक गळालेले निघाले असते. क्रमाचा दुसरा फायदा तितकाच मोठा आहे. दर वेळी फक्त 50 ग्रॅम गार भाजी कढईत पडते, त्यामुळे कढई एकदम थंड होत नाही.

प्रत्येक भाजी टाकल्यावर पाच-सहा सेकंद हात लावायचा नाही. तिला तापल्या लोखंडाला चिकटून बसू द्यायचे, मग उलथन्याने तळातून वर उलटायचे. सारखे ढवळत राहिले तर कोणताच तुकडा तळाशी पुरेसा टेकत नाही. गाडीवाल्यासारखी कढई उचलून उडवण्याचीही गरज नाही. त्याची ज्वाळा कढईमागोमाग वर येते. घरी मात्र कढई उचलली की आच तिथेच राहते आणि कढई थंड होते.

मीठ आणि सॉस शेवटी का? मीठ भाजीतले पाणी ओढून बाहेर काढते. कोशिंबिरीची काकडी मीठ लावल्यावर कशी पाणी सोडते, तसेच. गाजराबरोबरच मीठ टाकले तर उरलेली तीन मिनिटे पाणी सुटतच राहते. सॉस भाजीवर न ओतता कढईच्या कडेने सोडायचा. तापल्या कडेला लागताच त्यातले पाणी उडते आणि वास खुलतो. सोया सॉसमध्ये मीठ भरपूर असते, म्हणूनच वरचे मीठ पाव चमचा. सॉस नको असेल तर मीठ थोडे वाढवायचे आणि गॅस बंद केल्यावर लिंबू पिळायचे.

पहिला घाणा ताटात, दुसरा कढईत

भाजी झाली की लगेच ताटात पसरायची. गॅस बंद केला तरी कढई तापलेलीच असते आणि आतली भाजी शिजत राहते. कढई फडक्याने पुसून घ्यायची, पुन्हा मिनिटभर कोरडी तापवायची, थेंबाची चाचणी घ्यायची, मगच दुसरा घाणा. दोन्ही घाणे मिळून, पहिल्यांदा कढई तापवण्यासह, साडेनऊ-दहा मिनिटांत होतात.

अर्धा किलो एकदम टाकले तर काय होते? कढईत साठलेली उष्णता पहिल्या काही सेकंदांत संपते. भाजी नुसती गरम व्हायलाच मिनिटभर जातो. तोवर तिने जेमतेम दहावा हिस्सा, म्हणजे 50 ग्रॅम पाणी सोडले असे धरले, तरी ते उडवायला आणखी दीड मिनिट लागते. आणि त्या दीड मिनिटात भाजी पुन्हा पाणी सोडते. हे चक्र थांबते तेव्हा भाजी गळालेली असते. गॅसही वाचत नाही आणि भाजीही वाया जाते.

आवाज ऐका

सेकंद हे मधल्या आकाराच्या बर्नरसाठी आणि सारख्या चिरलेल्या भाजीसाठी आहेत. शेगडी, कढई, भाजीचा ताजेपणा बदलला की पाच-दहा सेकंद इकडेतिकडे होणारच. सकाळी शेतातून तोडलेली कोवळी फरसबी उकळत्या पाण्यात मिनिटभरात होते. दोन दिवस पडून राहिलेली दोन मिनिटेही घेते. अशा वेळी कानावर भरवसा ठेवावा.

भाजी पडताच मोठा 'चर्र' आवाज येतो, मग थोडा उतरतो. पुढची भाजी टाकायची ती आवाज पुन्हा चढल्यावर. आवाज 'बुडबुड' असा झाला तर कढईत पाणी साचले आहे, भाजी उकळते आहे. तेव्हा नवीन भाजी टाकणे थांबवायचे. आत असलेली भाजी कडांवर सारायची, मध्ये लोखंड उघडे करायचे आणि तळ कोरडा होईपर्यंत थांबायचे. पाणी फारच सुटले असेल तर भाजी ताटात काढावी, कढई पुसून तापवावी आणि भाजी परत टाकावी. झाकण ठेवले तर वाफ आतच राहून पाणी वाढते.

लसूण काळा आणि भाजी कच्ची असेल तर पहिल्या टप्प्यात उशीर झाला. भाजीला डाग पडले पण गाभा कडक राहिला तर तुकडे जाड होते. भाजी शिजली पण फिकी, बिनवासाची लागली तर कढई पुरेशी तापली नव्हती. ज्वाळा निळ्याऐवजी पिवळी असेल आणि कढईच्या बुडाला काजळी धरत असेल तर बर्नरची भोके साफ करून घ्यावीत; आच तिथेच कमी पडते आहे.

बाकीच्या भाज्यांचे काय?

मशरूम नेहमी वेगळे परतावेत. ते भरपूर पाणी सोडतात, म्हणून पहिल्यांदा एकटे दोन मिनिटे, पाणी उडून कडा तपकिरी होईपर्यंत, मग बाजूला काढून शेवटी मिसळावेत. मोड आलेले मूग गाजरानंतर टाकावेत आणि त्यांना किमान दीड मिनिट द्यावे. कच्चट ठेवू नयेत. फ्लॉवर आणि ब्रोकोली उकळत्या पाण्यातून काढून फरसबीच्या जागी घ्यावीत. पालक सगळ्यात शेवटी, वीस सेकंद. टोमॅटो या पद्धतीत घालू नये. घालायचाच तर बिया आणि रस काढून, पातीच्या आधी दहा सेकंद. बटाटा, सुरण, दुधी यांना ही पद्धत मानवत नाही. त्यांना झाकण आणि मंद आचच हवी. आपल्या नेहमीच्या फळभाजीवर ताटात पाणी घालून झाकण ठेवतात ते याच कारणाने.

डब्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी

गरम भाजी लगेच डब्यात भरून झाकण लावले की वाफेचे पाणी होते आणि करकरीतपणा जातो. ताटात पसरून पाच-सात मिनिटे वाफ जाऊ द्यावी, मग डबा बंद करावा. डब्यासाठी करताना कोबी आणि ढोबळीचे सेकंद प्रत्येकी दहाने कमी केले तरी चालतात.

एवढ्या आचेवर काम करताना सुती कपडे घालावेत, ओढणी आणि पदर खोचलेला असावा. लहान मुलांना शेगडीपासून लांब ठेवावे. खिडकी उघडी असावी. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात टाकायचे नाही. पेटत्या तेलावर पाणी पडले की त्याची झटकन वाफ होते आणि जळते तेल चहूकडे उडते. गॅस बंद करायचा, कढईवर मोठे ताट किंवा झाकण सरकवायचे आणि ती गार होईपर्यंत उचलायची नाही. त्यासाठी कढई झाकेल एवढे ताट, परतायला उभे राहण्याआधीच, हाताशी ठेवावे.